धागा: आयव्ही रँक, लिक्विडिटी आणि निकालांच्या तारखा लावून स्टॉक ऑप्शनचा स्क्रीनर केलाय, पण तो नेमके चुकीचे शेअर वर आणतो

खडूपाटी | ६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, जुलैच्या आधी दोन महिने रात्री जागून एनएसईच्या स्टॉक ऑप्शनसाठी स्क्रीनर लिहिला. आता तो चालतो, पण त्याचं ऐकलं की पैसे जातात. म्हणून हा धागा.

रचना साधी आहे. रोज संध्याकाळी एफअँडओची भावकॉपी उतरवतो, प्रत्येक शेअरची ॲट द मनी आयव्ही काढतो आणि गेल्या वर्षभराच्या किमान-कमालमध्ये आजची आयव्ही कुठे बसते ते बघतो. रँक ७० च्या वर, चालू महिन्याच्या ऑप्शनमध्ये बऱ्यापैकी सौदे आणि पुढच्या दहा दिवसांत बोर्ड मीटिंग नाही, अशा तीन चाळण्या आहेत. उरलेल्यांत स्ट्रँगल विकायचा.

आयव्ही स्वतःच काढावी लागते, कारण ऑप्शन चेनच्या पानावर फक्त या क्षणाची मिळते, मागचा इतिहास मिळत नाही. शेअरच्या भावाऐवजी त्याच एक्स्पायरीच्या फ्युचरचा भाव घेतो, म्हणजे लाभांशाची कटकट राहत नाही आणि व्याजाचीही जवळजवळ नाही.

```python
from math import log, sqrt, exp
from scipy.stats import norm
from scipy.optimize import brentq

def b76(F, K, T, s, r, cp):
    d1 = (log(F/K) + s*s*T/2) / (s*sqrt(T))
    d2 = d1 - s*sqrt(T)
    return exp(-r*T)*cp*(F*norm.cdf(cp*d1) - K*norm.cdf(cp*d2))

def iv(p, F, K, T, r=0.06, cp=1):
    return brentq(lambda s: b76(F,K,T,s,r,cp) - p, 0.01, 3)
```

जुलैच्या निकालांच्या वेळी यातून तीन शेअर निवडले, दोघांनी धुतलं. आजच्या यादीत सगळ्यात वर एक शेअर आहे, ज्याचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा टिपांचा होईल. फ्युचर १५०० च्या आसपास, ऑक्टोबरची आयव्ही ३२, वर्षभरातली किमान १९ आणि कमाल ३३. रँक आली ९३. निकाल १७ तारखेला, म्हणजे माझ्या दहा दिवसांच्या एक दिवस पलीकडे. विकावा का, हा प्रश्न नाहीये. माझ्या चाळणीत काय चुकतंय, हा प्रश्न आहे.

---

चिंचगुळ | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

रँक वापरूच नका, पर्सेंटाइल वापरा. रँकमध्ये फक्त दोन दिवस बोलतात, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा. ७ एप्रिलला ट्रम्पच्या आयातशुल्कावरून बाजार कोसळला, तेव्हा एका दिवसात इंडिया व्हीआयएक्स साठ टक्क्यांहून जास्त उडाला होता. माझ्याकडच्या एका शेअरची आयव्ही एरवी १८ ते ३६ मध्ये असते, त्या दिवशी ५८ दिसली. आज ती ३० आहे. रँक काढली तर (३० − १८) / (५८ − १८), म्हणजे ३० टक्के, स्वस्त वाटते. तो एक दिवस काढला तर तीच रँक ६७ होते. पर्सेंटाइल ८२. म्हणजे वर्षातल्या दर पाच दिवसांपैकी चार दिवस ती आजच्यापेक्षा कमी होती.

आणि दहाऐवजी पंधरा दिवस करा. प्रश्न मिटला.

---

बापूसाहेब६२ | ६ ऑक्टोबर, रात्री १०:५०

छान उपक्रम. मीही निवृत्तीनंतर कमी हलणारे शेअर शोधतो आहे. तुमच्या यंत्रातून ज्यांची व्होलॅटिलिटी रँक सगळ्यात कमी आहे अशा दहा शेअर्सची यादी मिळेल का? दोन-तीन वर्षं ठेवायचे आहेत.

---

खडूपाटी | ६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

बापूसाहेब, यादी देईन, पण तुमच्या कामाची नाही. रँक कमी म्हणजे शेअर शांत असं नव्हे. तो स्वतःच्याच गेल्या वर्षाच्या मानाने शांत आहे, एवढंच. एरवी ६० आयव्हीवर नाचणारा शेअर आज ४२ वर असेल तर त्याचीही रँक शून्याजवळ येते.

चिंचगुळ, पर्सेंटाइल पटलं, उद्याच टाकतो. पण माझ्या वरच्या शेअरला तो एप्रिलचा फुगवटा नाहीच. त्याची पर्सेंटाइलही ९५ च्या पुढे येते.

---

अडत्या | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

चिंचगुळ यांचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. त्यात एक भर. तो एप्रिलचा दिवस पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये वर्षाच्या खिडकीतून बाहेर पडेल आणि त्या दिवशी शेअरची रँक ३० वरून ६७ वर जाईल. बाजारात काहीही झालेलं नसताना स्क्रीनर ओरडायला लागेल. पर्सेंटाइलमध्ये हा धक्का जवळजवळ जाणवत नाही.

पण "प्रश्न मिटला" हे नाही पटलं. खडूपाटींचा घोटाळा वेगळाच आहे. त्यांनी आयव्ही आणि निकालाची तारीख या दोन स्वतंत्र चाळण्या धरल्यात. त्या स्वतंत्र नाहीत. ऑक्टोबरच्या ऑप्शनची आयव्ही ३२ झाली आहे तीच मुळी १७ तारखेचा निकाल त्या ऑप्शनच्या पोटात आहे म्हणून. दर तिमाहीला ती अशीच चढते आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी उतरते. रँक ९३ याचा अर्थ एवढाच, की निकाल जवळ आलाय. ते तर कॅलेंडर बघूनही कळतं.

दहाचे पंधरा दिवस करून हे सुटत नाही. बघायचं ते निकाल एक्स्पायरीच्या आत आहे की बाहेर. ऑक्टोबरची एक्स्पायरी मंगळवारी २८ ला आहे. ज्याचा निकाल २७ ला, त्याच्या प्रीमियममध्ये तो आजपासूनच आहे, मग तो वीस दिवस लांब का असेना. ज्याचा निकाल ३० ला, त्याच्या ऑक्टोबरच्या ऑप्शनला त्याचं काही देणंघेणं नाही, नोव्हेंबरच्या आहे. तुमची चाळण पहिल्याला आत घेते. दुसऱ्याला मात्र २० तारखेपासून हाकलून लावते, तेही विनाकारण.

बाजारात निघायची वेळ झाली. संध्याकाळी आकडे मांडतो.

---

रात्रपाळी | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

मी न्यू जर्सीत. इथे हे सोपं आहे. शुक्रवारी संपणारे आठवड्याचे ऑप्शन असतात, निकालाच्या आठवड्याची आयव्ही आणि त्याआधीच्या आठवड्याची आयव्ही शेजारी ठेवली की निकालाचा भाग उघडा पडतो. तुम्हीही आठवड्याचे ऑप्शन घ्या ना.

---

मुळामुठा | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

दादा, इकडे शेअरवर साप्ताहिक ऑप्शन नाहीत, महिन्याचेच. साप्ताहिक मिळतात ते निर्देशांकावर. आणि पुढच्या महिन्याचे ऑप्शन चालू एक्स्पायरीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बहुतेक शेअरमध्ये ओस पडलेले असतात. म्हणूनच इथे हे काम किचकट होतं.

खडूपाटी, "बऱ्यापैकी सौदे" म्हणजे नक्की किती? भावकॉपीतून लिक्विडिटी ठरवत असाल तर त्यावर मला बोलायचंय. संध्याकाळी.

---

अडत्या | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

तुमच्याच शेअरवर मांडतो. आकडे कालच्या बंदचे.

ऑक्टोबरला २२ दिवस, आयव्ही ३२. नोव्हेंबरची एक्स्पायरी २५ ला, म्हणजे ५० दिवस. तिची आयव्ही किती, ते तुम्ही दिलं नव्हतं. तुमच्या वर्णनाशी जुळणारा शेअर मी शोधला, तिथे २७.८ दिसते. निकाल दोन्ही ऑप्शनच्या पोटात आहे. म्हणून नोव्हेंबरच्या एकूण व्हेरियन्समधून ऑक्टोबरचा एकूण व्हेरियन्स वजा केला की २८ ऑक्टोबर ते २५ नोव्हेंबर या निकाल नसलेल्या २८ दिवसांचा व्हेरियन्स उरतो.

```python
base2 = (iv2**2*d2 - iv1**2*d1) / (d2 - d1)
base  = sqrt(base2)                       # 0.24
ev    = iv1**2*d1/365 - base2*(d1-1)/365
move  = 0.8*sqrt(ev)                      # 0.043
```

उत्तर आलं २४. म्हणजे निकाल बाजूला काढला तर बाजार या शेअरला २४ ची आयव्ही देतोय. तुमच्या १९ ते ३३ च्या पट्ट्यात ती ३६ व्या टक्क्यावर बसते. रँक ९३ वरून ३६. आणि खरं तर तो पट्टाही चुकीचाच आहे, कारण त्यातले वरचे आकडे मागच्या निकालांच्या आधीचेच असणार. इतिहासातल्या प्रत्येक दिवसाची आयव्ही निकाल वजा करून घ्या, मग रँक काढा.

आता उरलं निकालाच्या दिवसाचं. ऑक्टोबरच्या २२ दिवसांपैकी २१ दिवस २४ ने चालले असं धरून जो व्हेरियन्स उरतो, त्याचं वर्गमूळ ५.३५ टक्के येतं. हे प्रमाण विचलन आहे. ते सरळ "मागच्या निकालांना सरासरी किती हलला" याच्याशी ताडायचं नाही. सरासरी हालचाल त्याच्या साधारण ०.८ पट असते, म्हणून ४.३ टक्के. ही ०.८ विसरली की प्रत्येक निकाल महाग दिसतो आणि माणूस प्रत्येक निकाल विकत सुटतो. मी दोन वर्षं हेच केलं.

या शेअरच्या मागच्या आठ निकालांच्या हालचाली, चिन्ह सोडून: २.१, ६.८, ३.९, ५.२, १.४, ७.३, ४.६, ३.५. सरासरी ४.३५. बाजार ४.३ मागतोय. यात विकण्यासारखं काय आहे?

---

खडूपाटी | ७ ऑक्टोबर, रात्री ८:१०

दोनदा वाचलं. म्हणजे जुलैत मी निकालाचा विमा विकत होतो, तोही बाजारभावाने, आणि मला वाटत होतं की काहीतरी महाग विकतोय.

एक शंका. नोव्हेंबरमध्ये सौदेच नसतील तर ते २७.८ कुठून आणायचं? तुमच्याच सूत्रात तो आकडा २८.८ धरला तर पाया २४ ऐवजी २६ च्या जवळ जातो. एका पॉइंटच्या चुकीने दोन पॉइंट हलतात.

---

अडत्या | ७ ऑक्टोबर, रात्री ८:४५

बरोबर पकडलंत, दुखरी जागा तीच आहे. दोनशेच्या आसपास शेअर आहेत, त्यांतल्या पन्नासेक मोठ्यांमध्ये महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पुढच्या महिन्याचा ॲट द मनी भाव विश्वास ठेवण्यासारखा मिळतो. बाकीच्यांसाठी मी वजाबाकी करतच नाही. ज्या दिवशी चालू एक्स्पायरीच्या पोटात निकाल नव्हता, असे मागच्या दोन तिमाहींतले दिवस घेतो आणि त्यांच्या आयव्हीचा मध्यक हाच पाया धरतो. ओबडधोबड आहे, पण खोट्या भावावर नेमकं गणित करण्यापेक्षा बरा.

खोटा भाव ओळखायची एक परीक्षा आहे. एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटची आयव्ही वेगवेगळी काढा. फ्युचर घेऊन काढताय, तर दोन्ही जवळजवळ सारख्या यायला हव्यात. तीन पॉइंटांपेक्षा जास्त फरक असेल तर एकाचा शेवटचा सौदा दुपारी केव्हातरी झालाय आणि फ्युचर त्यानंतर हललाय. तो दिवस इतिहासातून काढून टाका. `brentq` तक्रार करून थांबत असेल तरी कारण बहुधा हेच, भाव शिळा आहे आणि ऑप्शनच्या इन्ट्रिन्सिक किमतीच्याही खाली बसलाय. लोक तिथे `try/except` लावून शून्य भरतात, आणि तो शून्य वर्षभर रँकचा किमान होऊन बसतो.

---

चिंचगुळ | ७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

मी कॅलेंडरचे २२ दिवस घ्यायच्या विरोधात आहे. या महिन्यात दिवाळी आहे. २१ ला लक्ष्मीपूजन, फक्त तासाभराचा मुहूर्ताचा बाजार. २२ ला पाडवा, बंद. त्या २२ दिवसांत पूर्ण सत्रं जेमतेम १४. बंद बाजारात शेअर हलत नाही, मग त्या दिवसांचा व्हेरियन्स का मोजायचा? सत्रांवर मोजलं तर निकालाच्या वाट्याला ४.३ ऐवजी ४.५ येतात.

---

अडत्या | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मान्य. पण चाळणी म्हणून बघा. ४.३ काय नि ४.५ काय, ४.३५ च्या शेजारी ठेवले तर दोन्ही वेळा उत्तर "काही नाही" हेच. आठ निकालांची सरासरी स्वतःच केवढी डळमळीत असते. त्यातला एक ७.३ काढला तर ती ४ च्या खाली येते. तरी सत्रं मोजणंच योग्य, वाद नाही.

---

बापूसाहेब६२ | ७ ऑक्टोबर, रात्री १०:००

स्ट्रँगल म्हणताय तर एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या नादाने एकच केला होता. कॉलच्या बाजूला भाव चढला, मी म्हटलं एक्स्पायरीला बघू. निर्देशांकासारखे पैशांत मिटेल अशी समजूत. मिटलं नाही. शेअरची डिलिव्हरी द्या म्हणाले, माझ्याकडे शेअर नव्हते, मग लिलाव, मग दंड. ब्रोकरचे ईमेल आले होते म्हणे. मी ईमेल बघत नाही.

---

मुळामुठा | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

बापूसाहेब, हे इथे खरंच उपयोगी आहे. २०१९ च्या ऑक्टोबरपासून सगळ्याच स्टॉक ऑप्शनचा निपटारा डिलिव्हरीने होतो. खडूपाटींनी एक्स्पायरीच्या शेवटच्या चार-पाच सत्रांत चालू महिना यादीतून काढलाच पाहिजे. तेव्हा आयव्हीही वेडीवाकडी दिसते, कारण छेदात दिवस इतके थोडे असतात की भावातला एक रुपया दोन-तीन पॉइंट हलवतो.

आता लिक्विडिटी. भावकॉपीत सौद्यांची संख्या आहे, ओपन इंटरेस्ट आहे, पण खरेदी-विक्रीच्या भावातला फरक, म्हणजे स्प्रेड नाही. ओपन इंटरेस्टवर मी सुरुवातीला फार विसंबले. १५००, १६०० अशा गोल स्ट्राइकवर महिन्याच्या सुरुवातीचा माल पडून असतो, आकडा भरघोस दिसतो आणि तिथे आज कुणी उभंच नसतं. त्या मानाने `TtlNbOfTxsExctd` बरा. एकाच मोठ्या सौद्याने तो फुगत नाही. पहिली चाळणी म्हणून मी हे ठेवलंय:

```python
o = df[(df.FinInstrmTp == "STO") &
       (df.TtlNbOfTxsExctd >= 50)]
```

यातून जे उरतात त्यांचेच ब्रोकरच्या एपीआयमधून भाव घेते. दिवसातून तीनदा, अकरा, एक आणि पावणेतीन, मग मध्यक. सकाळी सव्वानऊ ते साडेनऊचे भाव घेऊ नका, त्या पंधरा मिनिटांत सगळेच शेअर भिकार दिसतात.

आणि स्प्रेड रुपयांत किंवा प्रीमियमच्या टक्क्यांत मोजू नका. आयव्हीच्या पॉइंटमध्ये मोजा. तुमच्याच शेअरचा काल दुपारचा २५ डेल्टाचा कॉल मी पाहिला. खरेदीला १८.२०, विक्रीला १९.८०. टक्क्यांत साडेआठ, वाईट वाटतं पण किती वाईट ते कळत नाही. त्या ऑप्शनचा वेगा साधारण १.१७ आहे. म्हणजे हा १.६० चा फरक आयव्हीच्या १.४ पॉइंटांएवढा झाला. आता स्वतःला विचारा, ही आयव्ही किती पॉइंट महाग आहे म्हणून मी विकतोय? दोन पॉइंट म्हणत असाल तर दोन्ही पायांवर मिळून फायदा ४.७० रुपये, ७०० च्या लॉटवर सुमारे ३३०० रुपये. जाताना-येताना दोन पायांवर अर्धा-अर्धा स्प्रेड सोडला तर ०.८० × ७०० × ४ = २२४० रुपये गेले. दलाली आणि कर अजून बाकी.

माझी सीमा एक पॉइंट. त्यावर असेल तर रँक कितीही असो, बाहेर.

---

रात्रपाळी | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

अर्धा स्प्रेड सोडायची गरज नाही. मधल्या भावाला लिमिट लावून बसा, बहुतेक वेळा सौदा होतो. निदान इथे होतो.

---

मुळामुठा | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

आत जाताना होतो. घाई नसते ना. बाहेर पडताना शेअर चार टक्के उलटा पळत असतो तेव्हा तुमच्या मधल्या भावाला कोण येणार? मी जाताना पाव, येताना पाऊण धरते. हे कुठून सिद्ध केलेलं नाही, माझ्या सौद्यांच्या वहीतून आलंय. दुसऱ्या कुणाकडे आकडे असतील तर टाका.

---

खडूपाटी | ८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

रात्रपाळी न्यू जर्सीत, पण काम मीच केलं. नवा कोड चालवला. जुन्या पद्धतीने काल नऊ शेअर येत होते. निकाल वजा केल्यावर चार उरले, एक पॉइंटाच्या स्प्रेडने दोन. त्या दोघांपैकी एक आज बंदीच्या यादीत गेला. ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर पोझिशन गेल्या की पोझिशन वाढवणारा नवा सौदा घेता येत नाही, हे मी कुठेच तपासत नव्हतो. आयव्ही चढलेले शेअरच नेमके तिथे जातात.

इतिहास जोडताना दोन खड्डे मिळाले, दुसऱ्या कुणी पडू नये म्हणून लिहितो. झोमॅटोची रँक येईना. एप्रिलमध्ये `ZOMATO` चं `ETERNAL` झालं, माझ्या कोडला ते दोन वेगळे शेअर वाटत होते. आता जुन्या-नव्या चिन्हांचा तक्ता हाताने ठेवलाय. तोच शेअर २९ नोव्हेंबर २०२४ ला ४५ नव्या शेअर्सच्या तुकडीत एफअँडओत आला, म्हणजे त्याचं वर्षच भरलेलं नाही, तरी चिन्हं जोडल्यावर माझा कोड दहा महिन्यांवर खुशाल रँक काढायला लागला. दुसरा खड्डा `M&M`. यूआरएलमध्ये तो `M%26M` लिहावा लागतो, नाहीतर उत्तर रिकामं येतं आणि शेअर गुपचूप यादीतून गळतो.

निकालांच्या तारखांचं काय करता? बोर्ड मीटिंगची सूचना काही दिवस आधीच येते. आज अर्ध्याहून जास्त कंपन्यांची तारीखच नाही.

---

अडत्या | ९ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

तारीख नाही म्हणजे निकाल नाही असं धरू नका, एवढंच. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल द्यावाच लागतो, म्हणजे या वेळी १४ नोव्हेंबर. नोव्हेंबरच्या ऑप्शनच्या पोटात, ज्यांचे अजून लागलेले नाहीत त्या सगळ्यांचे निकाल आहेतच, तारीख असो वा नसो. प्रश्न फक्त ऑक्टोबरचा. तिथे गेल्या वर्षी याच तिमाहीला कोणत्या तारखेला लावला ते घ्या आणि दोन्ही बाजूंना एक आठवडा सोडा. त्या पट्ट्यात २८ तारीख येत असेल तर "अनिश्चित" असा शिक्का मारून वेगळे ठेवा. मी त्यांना हात लावत नाही.

बोर्ड मीटिंगच्या यादीत हेतूचा रकाना वाचा. निधी उभारणीची मीटिंग निकालाची म्हणून धरली तर गणित कोसळतं. आणि कंपनीचं विभाजन वेगळं हाताळा. टाटा मोटर्सची रेकॉर्ड डेट १४ ला आहे, चालू करार आदल्या दिवशीच संपवले जातात, १४ पासून नवे सुरू होतात. स्क्रीनरला हे माहीत नसेल तर तो २० दिवसांचा समजून पाच दिवसांचा ऑप्शन मोजत बसेल.

---

चिंचगुळ | ९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

कॅलेंडरमध्ये नसलेल्याचं काय? १० मार्चला बाजार बंद झाल्यावर इंडसइंड बँकेने डेरिव्हेटिव्हच्या हिशेबातली तफावत जाहीर केली, ११ ला शेअर २७ टक्के पडला. ती घोषणा कुठल्याच यादीत नव्हती. तुमच्या तिन्ही चाळण्या ओलांडून असा शेअर येऊ शकतो.

---

अडत्या | ९ ऑक्टोबर, दुपारी २:१०

येतो. मी एवढंच बघतो की निकाल नसताना, तारीख नसताना, पाया म्हणून काढलेली आयव्हीच दोन-तीन दिवसांत चार-पाच पॉइंट चढली का. चढली तर कुणाला तरी काहीतरी माहीत आहे असं समजून बाहेर. पण त्यामुळे खरोखर महाग झालेलेही सुटतात. आणि इंडसइंडसारख्यात उपयोग झाला असता असा दावा मी करणार नाही. तिथे विंग विकत घेतलेली असणं एवढाच इलाज, तो स्क्रीनरबाहेरचा.

---

मुळामुठा | ९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

खडूपाटी, आठ निकालांच्या हालचाली काढताना दिवस कोणता धरताय? आज टीसीएसचा निकाल बाजार संपल्यावर लागला, म्हणजे हालचाल उद्याची. काही कंपन्या भर बाजारात लावतात, तिथे त्याच दिवसाची. आणि काही मोठ्या खाजगी बँका शनिवारी लावतात. एचडीएफसी, आयसीआयसीआय दोघींचा १८ ला आहे, शनिवारच आहे.

---

खडूपाटी | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

निकालाच्या तारखेचा आणि आदल्या सत्राचा बंद भाव घेत होतो. आत्ता तपासलं. शनिवारच्या तारखेला भावकॉपीच नसते, म्हणून तिथे रिकामं येत होतं, आणि सरासरी काढताना पांडास रिकामं गुपचूप वगळतो. एका बँकेची "आठ निकालांची सरासरी" तीनच निकालांवर उभी होती. बाजारानंतर लावणाऱ्या आयटी कंपन्यांच्या सरासरीत तर निकाल लागण्याआधीच्या शांत सत्राची हालचाल भरलेली होती, म्हणून त्यांचे निकाल मला कायम महाग दिसायचे. जुलैतले दोघेही आयटीतले.

आता वेळेचा रकाना वेगळा घेतोय. तो एक्स्चेंजच्या घोषणेच्या वेळेवरून भरायचा म्हणजे दोनशे शेअर गुणिले आठ तिमाह्या. कुणाकडे आयता असेल तर सांगा, नाहीतर दिवाळीच्या सुटीत बसतो.